पंचाहत्तर जीबी गेले कुठे?

जुलैच्या पोस्टपेड बिलात नेहमीच्या भाड्याखाली एक नवी ओळ होती: मर्यादेपलीकडील डेटा, ४३० रुपये ८ पैसे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५०७ रुपये ४९ पैसे. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती का लागली हे कळत नव्हतं. घर बदलल्यामुळे ब्रॉडबँड अजून जोडलं गेलं नव्हतं. लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालवावा लागणार म्हणून २६ जूनलाच मी ४० जीबीचा प्लॅन सोडून ७५ जीबीचा घेतला होता. जादा डेटा लागणार म्हणून जादा भाडं कबूल केलं, तरी वर दंड का, हा माझा प्रश्न होता.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘Data usage’ उघडलं, तर जून महिन्याचा वापर ४३ जीबी दिसला. बिलात ७१ जीबी होता. ‘तुम्ही २८ जीबी फुगवून लावले आहेत’ असं पत्र त्याच रागात लिहायला घेतलं. ते पाठवलं असतं, तर पहिल्याच उत्तरात तक्रार निकालात निघाली असती, कारण चूक माझी होती. फोन १ ते ३० जून मोजत होता आणि माझं बिल ८ जून ते ७ जुलै या काळाचं होतं. अँड्रॉइड फोनमध्ये बिलाच्या चक्राची तारीख आपणच घालायची असते. मी ८ तारीख घातली आणि पडद्यावर ७०.४ जीबी आले. आयफोनवर तर महिना बदलला तरी आकडा आपोआप शून्यावर येत नाही. शेवटचा ‘Reset’ कधी केला त्या दिवसापासूनचा सगळा वापर तो दाखवतो, आणि ती तारीख त्याच पडद्याच्या तळाशी असते.

उरलेल्या अर्ध्या जीबीवर भांडण्यात अर्थ नव्हता. बिल कंपनीच्या यंत्रणेतल्या नोंदीवर बनतं, फोनच्या मोजणीवर नाही, आणि या दोन मोजण्या तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय कुठे १ जीबी म्हणजे १००० एमबी धरतात, तर कुठे १०२४. एवढ्यानंच सात टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून फोनचा पडदा हा साक्षीदार समजावा. तो निवाडा देत नाही, पण नेमकं कुठे विचारायचं ते सांगतो.

मला त्यानं सांगितलं ते असं: वापराचा आकडा बरोबर होता. वाद वापराचा नव्हताच, मर्यादेचा होता. ७५ जीबीच्या प्लॅनवर ७१ जीबी वापरले, तर २१ जीबी जादा कसे ठरले?

उत्तर बिलाच्या तपशिलात सापडलं. चक्राच्या मध्येच प्लॅन बदलला की भाडं दिवसांच्या प्रमाणात वाटलं जातं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण डेटाही तसाच वाटला जाऊ शकतो. तीस दिवसांपैकी १८ दिवस जुना प्लॅन होता, म्हणून ४० पैकी २४ जीबी मिळाले. उरलेले १२ दिवस नवा प्लॅन, म्हणून ७५ पैकी फक्त ३०. पहिल्या भागात मी २० जीबी वापरले. वाचलेले ४ जीबी पुढे आले नाहीत. दुसऱ्या भागात ५१ वापरले, म्हणजे २१ जादा. २१ जीबीचे २१,५०४ एमबी, दर २ पैसे, एकूण ४३० रुपये ८ पैसे. हिशेब पैशापर्यंत जुळत होता.

मग तक्रार कशाची करायची? मी २६ जूनचे मेसेज काढले. त्यात लिहिलं होतं, ‘आपला ७५ जीबीचा प्लॅन सुरू झाला आहे.’ प्रमाणात विभागणीचा एक शब्दही नव्हता. वापर मर्यादेच्या जवळ आल्याचे आणि ती संपल्याचे मेसेज कंपनीनं ग्राहकाला पाठवायचे असतात. ३० जीबीची मर्यादा ओलांडली गेली, तरी त्या बारा दिवसांत मला असा एकही मेसेज आला नव्हता. माझी बाजू उभी राहिली ती या दोन गोष्टींवर.

आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून डॉकेट नंबर घेतला. तो नसेल तर पुढे काहीच सरकत नाही. मग ईमेलनं हे पत्र पाठवलं:

‘महोदय,
विषय: ८ जून ते ७ जुलै या काळातील बिलातील डेटा आकाराबाबत.
संदर्भ: आपला डॉकेट नंबर.
या काळातील ७१ जीबी वापर मला मान्य आहे. फोनवरील नोंदही ७०.४ जीबी दाखवते. २१ जीबीवरील ४३०.०८ रुपये आणि त्यावरील कर मला मान्य नाही. २६ जून रोजी प्लॅन बदलताना आपण ७५ जीबी कळवले, ३० जीबी नव्हे. मर्यादा जवळ आल्याचा वा संपल्याचा मेसेजही मला मिळालेला नाही. तरी कृपया (१) २६ जून ते ७ जुलैचा तारीखवार डेटा तपशील, (२) विभागणीची अट मला कधी व कशी कळवली त्याची नोंद, (३) मर्यादेबाबत पाठवलेल्या मेसेजची तारीख व वेळ द्यावी. या नोंदी नसल्यास ५०७.४९ रुपये पुढील बिलात वजा करावेत. बिलातील उर्वरित रक्कम मी भरली आहे.’

सोबत तीन चित्रं जोडली: चक्राच्या तारखा दिसतील असा वापराचा पडदा, हॉटस्पॉटच्या वापराची ओळ आणि २६ जूनचा मेसेज. फोन बदलला किंवा रीसेट केला की या नोंदी जातात, म्हणून शंका आली त्याच दिवशी स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. मान्य असलेली रक्कमही भरून टाकावी. नाहीतर वादातल्या पाचशे रुपयांपायी सेवाच थांबू शकते.

आठवड्यात उत्तर आलं, ‘वापर तपासला, आकारणी योग्य आहे.’ वापर मी कबूलच केला होता. माझ्या तीन प्रश्नांना उत्तर नव्हतं. अशा वेळी पुढची पायरी कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याची. तक्रारीच्या निकालानंतर ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय देणं बंधनकारक आहे. अनेक जण थेट ट्रायला लिहितात, पण ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. मी तेच तीन प्रश्न पुन्हा मांडले. कंपनीला विभागणी कळवल्याची नोंद दाखवता आली नाही आणि पुढच्या बिलात ५०७ रुपये ४९ पैसे वजा झाले.

त्या मेसेजमध्ये ‘चालू चक्रात ३० जीबी’ एवढं लिहिलेलं असतं, तर मी हरलो असतो, आणि ते योग्यच ठरलं असतं.

अपीलही फेटाळलं, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.

म्हणून एवढं करा: फोनमधली चक्राची तारीख आजच बिलाशी जुळवून घ्या, आणि प्लॅन बदलायचा असेल तर नवं चक्र सुरू होईल त्या दिवशी बदला.