जुने भित्तिपत्रक आणि जुनी पाटी : पारख कशी करावी

पोत्याच्या तोंडावरचे दाणे पाहून कोणताही जाणता व्यापारी सौदा करीत नाही. आतली वानगी काढल्यावरच भाव बोलला जातो. जुनी सिनेमाची भित्तिपत्रके व एनॅमलच्या जाहिरात-पाट्या घेतानाही हाच नियम पाळावयास हवा, हे आम्हांस पैसे गमावल्यावर उमजले.

पुतण्याच्या दुकानासाठी आम्ही १९५७ सालच्या 'मदर इंडिया'चे एक भित्तिपत्रक मूळचे समजून घेतले. घड्यांच्या रेषा व पिवळेपणा पाहून आमची खात्री पटली होती. एका संग्राहक स्नेह्यांनी मात्र प्रथम त्यावरून बोट फिरविले. घडी डोळ्यांस दिसत होती, पण बोटास लागत नव्हती. खऱ्या घडीपाशी कागदाचे तंतू मोडतात, शाई उडते आणि तीच रेषा पाठीमागेही उमटते. आमच्या कागदाची पाठ गुळगुळीत होती. मूळ पत्रकाचे छायाचित्र घेऊन नवे छापताना त्याच्या घड्याही चित्राबरोबर छापल्या गेल्या होत्या.

मग त्यांनी भिंग लावले. चित्रात ठिपके दिसले तर तेवढ्याने दोष मानू नये. जुन्या छपाईतही ते असत. परंतु मोठी अक्षरे तेव्हा बहुधा सलग शाईने छापीत. येथे अक्षरांच्या कडाही रंगीत ठिपक्यांत फुटलेल्या होत्या. शिवाय चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना नवी पत्रके निघत. ती खोटी नव्हेत, पण पहिल्या वर्षाचीही नव्हेत. त्यांचे मोल वेगळे.

पुढे आमच्या वखारीवरील साबणाची पाटी त्यांनी पाहिली. एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णतेत वितळविलेली काच. रंग थरावर थर देऊन भाजलेले असल्याने त्यांच्या कडेला नख किंचित अडते. नुसत्या रंगाने छापलेल्या पत्र्यावर ते अडत नाही. स्क्रूच्या भोकांभोवती काच शिंपल्याच्या आकारात उडालेली होती, खाली काळसर थर आणि त्याखाली घट्ट, गडद गंज होता. स्क्रू आवळताना काच तडकते, म्हणून तेथील टवके सकारण होत. ज्या पाटीची भोके कोरी आणि मध्यभागी मात्र सारखा नारिंगी गंज, तेथे तो मुद्दाम आणला असल्याचा संशय धरावा.

लोहचुंबक चिकटला म्हणजे पत्रा लोखंडी, एवढेच सिद्ध होते. खऱ्या काचेच्या नव्या पाट्याही आज बनतात. तेव्हा एका खुणेवर निवाडा न करता, प्रत्येक इजेचे कारण त्या वस्तूवरच सापडते का, हे पाहावे.

आमची पाटी खरी ठरली, पत्रक नकली. पैसे मात्र परत मिळाले नाहीत. कारण पावतीवर केवळ 'एक पोस्टर' असे लिहिले होते. 'मूळ छपाई, अमुक साल' हे शब्द आम्ही लिहून घेतले नव्हते.