दुर्गदबैलातल्या जाळीच्या दुकानाचा महिन्याचा जीएसटी : दोनशे रुपये की चार हजार एकशे साठ?



आपल्यातल्या बऱ्याच घरांत होडीबरोबर एखादं दुकानही आहे. कुणाचं जाळ्याचं, कुणाचं क्रेट-थर्माकोल पेटीचं, कुणाचा सुक्या मासळीचा धंदा. ताजी मासळी विकणाऱ्याला जीएसटी नाही. फक्त तेवढंच विकत असेल तर नोंदणीचीही गरज नाही. पण दुकान आलं की दर महिन्याला हिशोब आला, आणि तिथे आपली माणसं चुकतात. हे लिहायचं कारण म्हणजे नोव्हेंबरात संस्थेसाठी क्रेट बघायला हुबळीला गेलो होतो तेव्हा जे पाहिलं ते.

आपल्या एका सभासदाच्या मुलाचं दुर्गदबैलात दुकान आहे. जाळी, क्रेट, थर्माकोल पेट्या आणि एका कोपऱ्यात सुकी मासळी. तारीख होती १८, रिटर्न भरायची शेवटची तारीख २०. पोरगा दोन वह्या घेऊन बसला होता, खरेदीची आणि विक्रीची. म्हणाला, "काका, यावेळी फक्त दोनशे रुपये भरायचेत." विक्रीवर घेतलेला कर २९,०००, खरेदीवर दिलेला २८,८००, वजा केले, राहिले २००. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. तरी उत्तर चूक होतं. त्याच्याच परवानगीनं ऑक्टोबर २०२५ चा तो हिशोब इथे मांडतो. आकडे गोल केलेत, म्हणजे वाचायला सोपे जातील.

आधी विक्रीची वही. कारवार-अंकोल्याच्या होडीवाल्यांना जाळी विकली १,६०,००० ची. मासेमारीच्या जाळ्यावर ५ टक्के. नोव्हेंबर २०१७ पर्यंत हा दर १२ होता, तेव्हा कमी झाला. गिऱ्हाईक कर्नाटकातलंच, म्हणून कराचे दोन भाग पडतात : सीजीएसटी ४,०००, एसजीएसटी ४,०००. क्रेट आणि पेट्या विकल्या १,००,००० च्या, १८ टक्क्यांनी, म्हणजे ९,००० आणि ९,०००. वेंगुर्ल्याच्या एका नोंदणीकृत दुकानदाराला ६०,००० ची जाळी पाठवली. माल महाराष्ट्रात गेला, म्हणून तिथे दोन भाग नाहीत, सगळा आयजीएसटी : ३,०००. आणि सुकी मासळी सुटी, वजन करून विकली ८०,००० ची. तिला कर नाही. (तीच मासळी लेबल लावून पाकिटात घातली की ५ टक्के लागतो, हे बायकांच्या बचत गटांनी ध्यानात ठेवावं.)

म्हणजे देणं झालं : आयजीएसटी ३,०००, सीजीएसटी १३,०००, एसजीएसटी १३,०००.

इथेच एक जाता जाता सांगतो. गल्ल्यावर आपण क्रेट "११८० ला" असा कर धरूनच भाव सांगतो. त्यातला कर काढताना ११८० चे १८ टक्के काढायचे नाहीत, ते २१२ रुपये ४० पैसे होतात आणि स्वतःचंच नुकसान होतं. ११८० ला ११८ नी भागून १८ नी गुणायचं. कर १८० आणि माल १,०००. पाच टक्क्यांच्या मालाला तसंच १०५ नी भागायचं आणि ५ नी गुणायचं.

आता खरेदीची वही. मुंबईच्या कारखान्यातून जाळी १,८०,००० ची, भाडं बिलातच धरलेलं. परराज्यातला माल म्हणून आयजीएसटी ९,०००. हुबळीतल्याच एका उत्पादकाकडून क्रेट ८०,००० चे : सीजीएसटी ७,२००, एसजीएसटी ७,२००. दुसऱ्या एका छोट्या व्यापाऱ्याकडून थर्माकोल पेट्या २०,००० च्या : १,८०० आणि १,८००. दुकानाचं भाडं १०,०००, मालक नोंदणीकृत, त्यावर ९०० आणि ९००. सुकी मासळी ६५,००० ची, तिच्यावर कर नाहीच. सगळ्याची बेरीज २८,८००. पोराचा आकडा इथून आला.

पहिली गाठ इथे बसते. आपल्या वहीत बिल आहे, पैसे दिलेत, माल घरात आहे, एवढ्यानं क्रेडिट मिळत नाही. विकणाऱ्यानं ते बिल पोर्टलवर चढवलं पाहिजे, आणि ते आपल्या GSTR-2B मध्ये दिसलं पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून हे पक्कं आहे : टू-बीत नाही, तर क्रेडिट नाही. टू-बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. म्हणून १४ च्या आधी केलेला हिशोब हा नुसता अंदाज. आम्ही मोबाईलवर टू-बी उघडली आणि एकेक बिल वहीशी ताडून टिक करत गेलो. मुंबईचं होतं, क्रेटचं होतं, भाड्याचं होतं. पेट्यांचं नव्हतं. ३,६०० गेले.

मी लगेच म्हटलं, त्या व्यापाऱ्यानं फसवलं. पण फोन लावला तर वेगळंच निघालं. तो माणूस तिमाही रिटर्नवाला. ५ कोटींच्या आतल्या उलाढालीला ती सवलत आहे, आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरची बिलं एकदम जानेवारीत चढवतो. अशा तिमाहीवाल्यालाही मधल्या महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत IFF मधून चढवता येतात, पण ते त्याच्यावर सक्तीचं नाही. बिल न दिसण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे आपला GSTIN एका अक्षरानं चुकलेला किंवा बिलावर घातलेलाच नाही. मग ते बिल साध्या गिऱ्हाइकाच्या विक्रीत जाऊन बसतं. म्हणून माल घेतानाच दोन गोष्टी विचारा : तुम्ही महिन्याचे की तिमाहीचे, आणि माझा नंबर बिलावर बरोबर आला का. हे ३,६०० बुडालेले नाहीत. बिल ज्या महिन्याच्या टू-बीत येईल त्या महिन्यात घेता येतात. मुदत पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंत. पण ऑक्टोबरच्या हिशोबात ते धरायचे नाहीत.

दुसरी गाठ सुक्या मासळीची. आपल्या लोकांना हे खास लागू, कारण जाळ्याच्या दुकानात सुकट-बोंबील ठेवणारे आपणच. जे करमुक्त विकतो त्याच्यासाठी केलेल्या खर्चाचं क्रेडिट मिळत नाही. नुसत्या मासळीसाठी घेतलेलं काही असेल तर त्याचं क्रेडिट पूर्ण सोडायचं. जाळी आणि क्रेट तर करपात्रच विकतो, त्यांचं पूर्ण मिळतं. मधलं राहतं ते भाडं. दुकान एकच, त्यात जाळीही आणि बोंबीलही. इथे वाटणी विक्रीच्या प्रमाणात करायची, नियम ४२ प्रमाणे. एकूण विक्री ४,००,०००, त्यात करमुक्त ८०,०००, म्हणजे पाचवा हिस्सा. भाड्यावरच्या ९०० चा पाचवा हिस्सा १८०. तो सीजीएसटीतून १८० आणि एसजीएसटीतून १८० परत करायचा. GSTR-3B मध्ये हे 4(B)(1) या ओळीत लिहितात. वर्ष संपलं की पूर्ण वर्षाच्या विक्रीवर हे प्रमाण पुन्हा काढून फरक जुळवावा लागतो, कारण पावसाळ्यात मासळीचा हिस्सा वेगळा आणि हिवाळ्यात वेगळा. रक्कम छोटी आहे म्हणून सगळे सोडतात. पण भाडं ५०,००० असेल तर ती छोटी राहत नाही.

आता हातात खरं क्रेडिट किती? आयजीएसटी ९,०००. सीजीएसटी ७,२०० अधिक ९०० वजा १८०, म्हणजे ७,९२०. एसजीएसटी तेवढंच, ७,९२०. एकूण २४,८४०. देणं २९,०००. फरक ४,१६०.

पोरगा म्हणाला, "म्हणजे ४,१६० भरले की झालं." हो, पण तिसरी गाठ सोडवली तरच. तिन्ही कर म्हणजे तीन वेगळ्या पेट्या आहेत. सीजीएसटीच्या पेटीतले पैसे एसजीएसटीच्या देण्याला चालत नाहीत, उलटही नाही. फक्त आयजीएसटीचं क्रेडिट तिन्हीकडे चालतं. आणि नियम असा की ते पहिलं संपवायचं, मगच बाकीच्यांना हात लावायचा. आयजीएसटीचं देणं ३,००० त्यातून गेलं, उरले ६,०००. हे सहा हजार कुठे टाकायचे ते आपल्या हातात आहे.

त्यानं आधी सगळे सीजीएसटीत टाकले होते. बघा काय होतं. सीजीएसटीचं देणं १३,००० चं राहिलं ७,०००. तिथे स्वतःचं क्रेडिट ७,९२०. सात हजार फिटले आणि ९२० तिथेच अडकले. एसजीएसटीचं देणं १३,०००, क्रेडिट ७,९२०, खिशातून ५,०८०. म्हणजे ९२० रुपये जास्त रोख गेले आणि तेवढंच क्रेडिट पुढच्या महिन्यापर्यंत पडून राहिलं.

आम्ही ते निम्मं-निम्मं केलं :

सीजीएसटी : १३,००० − ३,००० − ७,९२० = २,०८०
एसजीएसटी : १३,००० − ३,००० − ७,९२० = २,०८०

रोख एकूण ४,१६०. निम्मं-निम्मं हा काही नियम नाही. ज्या पेटीत स्वतःचं क्रेडिट कमी, तिथे जास्त टाकायचं. इथे दोन्हीकडे सारखं होतं म्हणून निम्मं. पोर्टलवर 6.1 च्या पानावर वाटणी आपोआप भरून येते, ती बदलता येते. तेवढा एक मिनिट थांबून पाहावं. चलन करतानाही सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या रकान्यात वेगवेगळे पैसे टाकायचे. सगळे एकाच रकान्यात टाकले की दुसरीकडे कमी पडतात आणि रिटर्न पुढे सरकत नाही.

दोनशेच भरले असते तर? ३,९६० कमी पडले असते, आणि आज ना उद्या टू-बीशी जुळवणी झाली की ते १८ टक्के वार्षिक व्याजासकट मागितले जातात. दोन महिन्यांनी लक्षात आलं तर व्याज सव्वाशेच्या आत. वर्षानुवर्षं दर महिन्याला असंच होत राहिलं तर मात्र आकडा होडीच्या डागडुजीएवढा होतो.

होडीमालकांपैकी काहींनी मला विचारलं की जाळ्यावर आम्ही दिलेले ५ टक्के आम्हाला परत कसे मिळतील. नुसती ताजी मासळी विकत असाल तर मिळत नाहीत, कारण तुमच्या विक्रीवर कर नाही आणि वजा करायला समोर काही नाही. ते जाळ्याच्या किमतीतच धरा. डिझेलचं तर सोडाच, ते जीएसटीत नाहीच, दुकानदारालाही त्याचं क्रेडिट नाही.

पोरानं १९ ला रिटर्न भरलं. पेट्यांचं बिल पेन्सिलनं गोल करून त्यानं खरेदीच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलंय : तारीख, बिल नंबर, १,८०० आणि १,८००. त्या व्यापाऱ्यानं तिमाहीचं वेळेत भरलं तर ते डिसेंबरच्या टू-बीत, म्हणजे १४ जानेवारीला दिसेल आणि डिसेंबरच्या हिशोबात घेता येईल. नोव्हेंबरचा हिशोब करताना त्यांना हात लावायचा नाही.

ज्यांना आपल्या वह्या ताडून बघायच्या असतील त्यांनी १४ ते २० च्या मधे कार्यालयात यावं. टू-बी डाउनलोड करून आणा, दोन्ही वह्या आणा, आणि भाड्याचं बिल विसरू नका.

— सचिव