तिसऱ्या चढाईवर नजर ठेवा

पहिल्यांदाच कबड्डी पाहायला आलेल्याला एक गोष्ट हमखास चुकल्यासारखी वाटते. एक गडी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात जातो, इकडेतिकडे झुलतो आणि कुणालाही न शिवता परत येतो. गुण कुणालाच नाही. ही रिकामी चढाई. ती वाया गेलेली नसते, मोजली गेलेली असते.

आधी चढाई समजून घेऊ. प्रो कबड्डीत चढाईपटूला ३० सेकंद मिळतात आणि तेवढा वेळ दम सुटता कामा नये. त्याने कुणाला शिवून मध्यरेषा गाठली, तर शिवलेले सगळे गडी बाद आणि प्रत्येकामागे एक गुण. त्याला धरून ठेवले, तर तो बाद आणि गुण बचाव करणाऱ्यांना. पकड करायला धावलेल्यांचाही त्याला स्पर्श झालेलाच असतो. म्हणून तिघांनी धरलेला गडी बोटाच्या टोकाने जरी मध्यरेषेला टेकला, तरी तिघेही बाहेर. गर्दी उगाच ओरडत नाही!

कुणालाही न शिवता परतायचे, तर निदान रेषा तरी ओलांडावीच लागते. तिच्या पलीकडे बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हा एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत उचलला, की एक बोनस गुण. यात कुणी बाद होत नाही.

आता मोजणी. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी ‘करो या मरो’. मधल्या प्रतिस्पर्ध्याच्या चढाया यात धरत नाहीत. या तिसरीत गुण आणलाच पाहिजे. रिकाम्या हाताने परतलेला चढाईपटू बाद होतो आणि समोरच्यांना एक गुण मिळतो.

समजा ३०-३० अशी बरोबरी आहे, लाल संघाचे तीनच गडी उरलेत आणि निळ्यांची तिसरी चढाई आहे. तीनच गडी, म्हणजे बोनसची वाट बंद, शिवायलाच हवे. चढाईपटूने एकाला टिपले, तर निळे ३१-३०. पण तीन किंवा कमी गड्यांनी केलेली पकड ही ‘अव्वल पकड’, तिला दोन गुण. म्हणजे तो सापडला, तर लाल ३२-३०. म्हणूनच कमी गड्यांचा संघ पहिल्या दोन चढायांत अंतर राखून मागे सरकतो, चढाईपटूला रिकामाच जाऊ देतो आणि तिसरीची वाट पाहतो. नवख्याला हा भित्रेपणा वाटतो, पण हा हिशेब आहे.

तो चुकतोही. कोपऱ्यातल्या गड्याने घाईने घोट्याला हात घातला, उरलेले दोघे मदतीला झेपावले आणि चढाईपटू तिघांना ओढत रेषेवर पोहोचला, की तीन गुण. शिवाय सगळा संघ बाद म्हणून लोण, त्याचे आणखी दोन. निळे ३५-३०, आणि लालांचे सातही गडी पुन्हा मैदानात.