महिला सभेसाठी भाषण : पिशवीच्या तोंडाची तपासणी आणि छातीतली गाठ

(शाळेतली माता-पालक सभा, बचत गट किंवा महिला ग्रामसभेत वाचता येईल असं हे भाषण आहे. वाचायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. सभेत फक्त महिला असाव्यात आणि गावच्या आशाताई किंवा सिस्टर यांना सोबत बसवावं, म्हणजे तारखा तिथल्या तिथे ठरतात.)

जमलेल्या सगळ्या आजी, काकू, वहिनी आणि ताई,

आज ज्या दोन जागांबद्दल बोलायचं आहे, त्यांचं नाव आपण चारचौघांत घेत नाही. एक म्हणजे छाती आणि दुसरी म्हणजे गर्भपिशवीचं तोंड. नाव घेत नाही म्हणून तिथला त्रासही सांगत नाही. रोवणी होऊ दे, मग धान कापणी होऊ दे, मग पोरीचं लग्न होऊ दे, असं करत वर्ष निघून जातं. म्हणून आज नाव घेऊनच बोलूया.

पिशवीचं तोंड म्हणजे काय?

गर्भपिशवी उलट्या ठेवलेल्या सुरईसारखी असते. सुरईची मान खाली योनीमार्गात उतरते. या मानेला आपण पिशवीचं तोंड म्हणतो, डॉक्टर गर्भाशयमुख म्हणतात. इथला कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि संसारी बायकांमध्ये खूप जणींना कधी ना कधी येऊन जातो. म्हणून तो येणं म्हणजे कोणाच्या चारित्र्याचा डाग नाही. बहुतेक जणींचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत घालवून टाकतं. काही थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो आणि तिथल्या पेशी हळूहळू बिघडवतो. बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात.

ही दहा-वीस वर्षंच आपल्या कामाची आहेत. या काळात बाईला काहीच त्रास नसतो, पण तपासलं तर बिघाड दिसतो आणि थोड्या मिनिटांच्या उपचाराने काढता येतो. म्हणून "मला तर काही होत नाही, मग तपासणी कशाला?" याचं उत्तर हे आहे, की तपासणी काही होत नसतानाच करायची असते.

तपासणीत नेमकं काय करतात?

भीती इथेच असते, म्हणून सगळं क्रमाने सांगते. समजा आपल्याच गटातली 42 वर्षांची एक ताई आहे. आशाताईने घरी येऊन तिचा फॉर्म भरला. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या महिलांचा असा फॉर्म भरतात आणि त्यांना तपासणीला बोलावतात. पाळी चालू नाही असा दिवस ताईने निवडला. गरोदर बाईची ही तपासणी करत नाहीत आणि बाळंतपणानंतरही थोडे आठवडे थांबवतात.

ताई पलंगावर झोपली, पाय दुमडले, वरून चादर. सिस्टरने स्पेक्युलम नावाचं साधन हळूच आत घातलं, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. तांबी बसवताना जे वापरतात, तेच हे साधन. अंग ताठ केलं तर दुखतं, तोंडाने लांब श्वास सोडला तर सोपं जातं. आधी दिव्याच्या उजेडात नुसतं पाहिलं. मग कापसाच्या बोळ्याने तिथे पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड लावलं. नाव ॲसिड असलं तरी हे चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरसारखंच असतं, तीन ते पाच टक्क्यांचं. थोडं चुरचुरतं, बस. एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा पाहायचं.

चांगल्या पेशी गुलाबीच राहतात. बिघडलेल्या पेशींमध्ये प्रथिनं दाटीने भरलेली असतात. अंड्यातला पाण्यासारखा भाग तापला की जसा पांढरा होतो, तशी ही प्रथिनं ॲसिडमुळे थोडा वेळ गोठतात आणि तिथे पांढरा ठळक डाग दिसतो. काही मिनिटांनी तो जातो. या तपासणीला व्हीआयए म्हणतात. कापणं नाही, सुई नाही, आणि निकाल तिथेच कळतो.

डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला का?

नाही. हे वाक्य घरी जाऊन सासूबाईंना आणि नवऱ्यालाही सांगा. सूज, जंतुसंसर्ग, साधी जखम यांनीही पांढरं दिसू शकतं. ज्यांना डाग दिसतो, त्यांतल्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो. डाग दिसणं म्हणजे "पुढची तपासणी करा" एवढाच निरोप.

आपल्या ताईला डाग दिसला असं समजा. तिला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढच्या दुसऱ्या पायरीला दुर्बिणीसारख्या यंत्रातून पिशवीचं तोंड मोठं करून पाहतात आणि गरज वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात. पेशी बिघडलेल्या पण कॅन्सर नाही असं निघालं, तर तेवढा भाग गोठवून किंवा गरम सळईने शेकून नष्ट करतात. टाके नाहीत, पिशवी काढावी लागत नाही. ताई त्याच दिवशी घरी येते. पुढे काही आठवडे अंगावरून पाणी जातं आणि साधारण महिनाभर संबंध टाळायला सांगतात. हे घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

आता गाडी अडते ती इथेच. गावातल्या शिबिरात तपासणी होते, पण दुसऱ्या पायरीला बाई पोचत नाही. देवरी किंवा सालेकसाहून गोंदियाला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, सोबत कोणी नसतं आणि त्रास काही नसल्यामुळे घरचे म्हणतात, पाहू नंतर. पहिली तपासणी करून दुसरीला न जाणं म्हणजे धानाला कीड दिसली आणि फवारणी केलीच नाही, असं झालं. म्हणून गटात आजच ठरवा : कोणाला डाग निघाला तर तिच्यासोबत कोण जाणार आणि गटातून प्रवासाला पैसे कसे द्यायचे.

याने खरंच जीव वाचतो का?

याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधलं गेलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 1998 साली तिथल्या वस्त्यांमध्ये मोठा अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख महिला त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, चार वेळा, व्हीआयए तपासणी केली. उरलेल्यांना कॅन्सरची माहिती दिली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या महिला होत्या. बारा वर्षांनी पाहिलं, तर तपासणीच्या वस्त्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे 31 टक्क्यांनी कमी निघाले.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये 1999 पासून झाला. तिथे तपासणी एकदाच केली. एचपीव्ही विषाणू शोधणारी चाचणी ज्या गटात केली, तिथे मृत्यू जवळपास निम्मे झाले. पण एकदाच केलेल्या व्हीआयएने तिथे ठळक फरक पडला नाही. यातून आपण एवढं घ्यायचं : व्हीआयए ही नजरेची तपासणी आहे, तिच्यातून काही सुटू शकतं, म्हणून एकदा "ठीक आहे" आलं की जन्माची सुट्टी नाही. सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी बोलावतात, ती तारीख चुकवू नका. पाळी बंद झाल्यावर तोंडाचा तो भाग आत सरकतो आणि नीट दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर दुसरी चाचणी सांगतील.

आणि काही त्रासांत तपासणीच्या तारखेची वाट पाहायचीच नाही : संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसणं आणि घाण वासाचं पाणी जाणं. आजी, "पाळी परत आली" असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तो दवाखान्याचा निरोप असतो.

आता छातीबद्दल

इथे व्हिनेगरसारखी सोपी चाचणी नाही. टाटाच्या त्याच अभ्यासात प्रशिक्षित महिलांनी दर दोन वर्षांनी हाताने छातीही तपासली. वीस वर्षांनंतर, 2021 मध्ये निकाल छापून आला. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. पन्नाशीच्या पुढच्या महिलांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मृत्यूंत तसा फायदा दिसला नाही. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्यांनी सिस्टरकडून छाती तपासून घेणं सोडू नये.

मग घरी काय करायचं? दर महिन्याला तास घालून तपासत बसायची गरज नाही. आपली छाती नेहमी कशी लागते ते माहीत असलं पाहिजे. पाळी संपल्यावर आंघोळ करताना साबणाच्या हाताने बोटांच्या पोटाने काखेपर्यंत फिरवून पाहायचं, आणि आरशात दोन्ही बाजू बघायच्या. पाळीच्या आधी दाणे-दाणे लागणं, दुखणं नेहमीचं आहे. नवीन गाठ, कातडीला खड्डा किंवा संत्र्याच्या सालीसारखं रूप, बोंडी नव्याने आत ओढली जाणं, एकाच बोंडीतून रक्तासारखं पाणी, काखेत गाठ, यांतलं काही दिसलं तर दाखवायचं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुखत नाही ती गाठ. दुखत नाही म्हणून आपण लेप लावतो, शेकतो, थांबतो. पण सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात हेही खरं, पण साधी कोणती ते हाताने ठरत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने तुकडा घेऊन तपासणी लागते. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणून पळून येऊ नका. त्या सुईशिवाय उपचार ठरतच नाही. पुढचे उपचार लागले तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे.

सभेत हमखास विचारले जाणारे प्रश्न

*नसबंदी झाली आहे, तरी तपासणी करायची का?* हो. नसबंदीत नळ्या बांधतात, पिशवीचं तोंड तसंच असतं.

*पिशवी काढली आहे, तर?* कशासाठी काढली आणि तोंडासकट काढली का, हे डिस्चार्ज कार्डावर असतं. कार्ड घेऊन सिस्टरना विचारा.

*मुलीला लस दिली, मग मला काय?* लस मुलीला पुढच्या संसर्गापासून वाचवते. आईला आधीच झालेल्या संसर्गावर ती चालत नाही. आईला तपासणीच हवी.

आता आशाताई वही घेऊन बसल्या आहेत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांनी नाव, शेवटच्या पाळीची तारीख आणि सोबत येणाऱ्या मैत्रिणीचं नाव लिहून द्या. मैत्रिणीच्या नावाचा रकाना रिकामा ठेवू नका.