नोव्हेंबर खरंच पडला का?

सोमवार, 1 डिसेंबर 2025

सकाळी 8. शहापूरच्या कापडदुकानात नोव्हेंबरचा हिशेब पुरा करते. विक्री 7 लाख. गेल्या नोव्हेंबरला 9 होती. शेठ आकडा बघूनच म्हणतात, "बावीस टक्के घसरण! नवी ऑर्डर थांबवा."

8.30. मी ऑक्टोबरचं पान समोर ठेवते. गेल्या वर्षी 15 लाख, यंदा 18. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आणि भाऊबीज 3 तारखेला होती, म्हणून दिवाळीची शेवटची गर्दी नोव्हेंबरच्या खात्यात गेली. यंदा 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, 23 ला भाऊबीज. सगळी दिवाळी ऑक्टोबरातच आटोपली. दोन महिने मिळून गेल्या वर्षी 24 लाख, यंदा 25. धंदा पडलेला नाही.

11. पण दोन महिन्यांची बेरीज ढोबळच. म्हणून रोजची बिलं घेऊन लक्ष्मीपूजनापासून मागे 21 दिवस आणि पुढे भाऊबिजेपर्यंत मोजते. गेल्या वर्षी 11 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर, यंदा 30 सप्टेंबर ते 23 ऑक्टोबर. दोन्हीकडे 24 दिवस, दसराही दोन्हीकडे आत. तरी एक खोट उरतेच: गेल्या वर्षीच्या दिवसांत चार रविवार आहेत, यंदा तीनच. आमच्याकडे रविवारचा गल्ला सर्वांत मोठा, तेव्हा एवढी नोंद न करता तुलना केली तर यंदावर अन्याय होईल. रुपयांशेजारी विकलेले नगही लिहिते, कारण 22 सप्टेंबरपासून एक हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. नुसत्या रकमेवरून माल किती खपला ते कळत नाही.

दुपारी 1. एसटीने किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला. वाटेत भातखाचरं दिसतात आणि तिथीनेही न सुटणारी गोष्ट आठवते. दिवाळी लवकर आली की हळवं भात निघालेलं असतं, गरवं शेतातच उभं. त्या घरांत भाताचा पैसा सणानंतर येतो आणि खरेदीही लांबते. म्हणून दिवाळीनंतरचे तीन आठवडे वेगळे मोजायचे ठरवते.

3. मुरबाडच्या दुकानात म्हसा यात्रेचा माल. यात्रा पौष पौर्णिमेची: 2024 मध्ये 25 जानेवारी, 2025 मध्ये 13 जानेवारी, आता 3 जानेवारी. दुकान सांभाळणारे काका म्हणतात, "ताई, मागच्यासारखा माल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागवू." तोवर यात्रा सुरू झालेली असेल. स्वेटर, शाली 20 डिसेंबरपर्यंत हव्यात; यंदा डिसेंबर फुगेल आणि जानेवारी बसेल, हेही वहीत लिहून ठेवते.

6. शेठना फोन. ऑर्डर सुटते. पुढच्या वर्षी दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तेव्हा ऑक्टोबर 2026 ची विक्री कमी दिसली तर आधी पंचांग उघडा, मग ऑर्डर थांबवा.