रांग उघडण्याआधी

घरून ग्राहकसेवेचे कॉल घेणाऱ्याची शिफ्ट नऊला सुरू होत असली, तरी शहाणा माणूस साडेआठलाच लॅपटॉप उघडतो. आधी इंटरनेट, मग व्हीपीएन, शेवटी लॉगिन. क्रम मोडला की बिघाड नेमका कुठे आहे तेच कळत नाही.

इंटरनेट म्हटलं की सगळे स्पीड बघतात. पण एका कॉलला साधारण 100 केबीपीएस पुरतात. आवाज तुटतो तो बहुधा डेटाची पाकिटं वाटेत हरवल्यामुळे किंवा उशिरा पोचल्यामुळे. म्हणून व्हीपीएन जोडण्याआधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी द्याव्यात:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिला पत्ता घरच्या राउटरचा (तुमचा वेगळा असू शकतो), दुसरा बाहेरचा. समजा, राउटरकडूनच 50 पैकी 4 उत्तरं आली नाहीत. म्हणजे गळती घरातच, बहुतेक वायफायची, केबल लावावी. राउटर नीट आणि बाहेरच गळती असेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी ठेवावा.

व्हीपीएनवर ‘Connected’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. कंपनीचं एखादं अंतर्गत पान उघडतंय का ते पाहावं. पासवर्डची मुदतही नेमकी सुट्टीनंतर संपलेली असते!

लॉगिन झाल्यावर लगेच ‘Available’ करू नका, कॉल तिथूनच यायला लागतात. आधी हेडसेट तपासा आणि काही अडलं तर स्क्रीनशॉटसह टीम लीडरला नऊच्या आत कळवा.