आजी घरी येणार! पण घर तयार आहे का?

मैत्रिणींनो, रुग्णालयातून "उद्या घरी न्या" असा निरोप आला की आपल्याला किती हायसं वाटतं! पण त्याच दिवशी एका बाईंना मात्र खरं काम सुरू करावं लागतं. त्या म्हणजे वैद्यकीय समाजसेविका. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1946 साली हे पद सुरू झालं. आज मोठ्या रुग्णालयांत अशा बाई भेटतात, पण त्यांना नेमकं काय विचारायचं हे आपल्याला ठाऊक नसतं. आमच्या शेजारच्या वहिनींचा अनुभव सांगते, म्हणजे कल्पना येईल.

त्यांच्या सासूबाई, वय 78, पंचवटीतल्या जुन्या वाड्यात न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेत अर्धा सांधा बदलला. आठव्या दिवशी घरी न्यायचं ठरलं. समाजसेविका बाई आल्या आणि म्हणाल्या, "घरी सोय आहे ना?" वहिनी म्हणाल्या, "हो, सगळं आहे." बाई हसल्या. "सगळं म्हणजे काय ते मला इंचांत सांगा!"

वहिनींनी मुलाला घरी पिटाळलं आणि टेप लावायला सांगितली. संडासाचं दार निघालं 22 इंच, आणि आजींचा वॉकर 24 इंच रुंद! शिवाय संडास भारतीय पद्धतीचा. सांधा बदललेल्या आजींना उकिडवं बसायला सक्त मनाई, कारण खूप वाकलं तर सांधा निखळू शकतो. म्हणून पलंगाशेजारी ठेवायची कमोड-खुर्ची भाड्यानं आणायचं ठरलं.

मग उंची. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहायला हवेत. आजींची जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची 16 इंच, म्हणून बसण्याची जागा 18 इंच हवी. घरचा दिवाण 15 इंचांचा. सुताराकडून पायांखाली 3 इंचांचे खोलगट, न घसरणारे ठोकळे करून घेतले. वॉकरची उंचीही बघितली: हात सरळ सोडले की मूठ मनगटाशी यावी.

यानंतर बाईंनी औषधांकडे मोर्चा वळवला. "घरातला जुना डबाही आणा," म्हणाल्या. बरं झालं! रक्तदाबाची तीच गोळी जुन्या डब्यात एका कंपनीच्या नावानं आणि नव्या कागदावर दुसऱ्या नावानं होती. दोन्ही दिल्या असत्या तर दाब खाली येऊन आजी पुन्हा पडल्या असत्या. डॉक्टरांना विचारून एकच यादी केली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शनं कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती टोचणार कोण, हेही लिहिलं.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी आला. "रात्री दोनला उठवणार कोण?" वहिनी सकाळी साडेसातला कामावर जातात. त्या गप्पच बसल्या. बाईंनी घाई केली नाही. पहिले पंधरा दिवस नणंद येऊन राहील, पुढे दुपारी मदतनीस बाई येईल, रात्री मुलगा बघेल, असं नावानिशी ठरलं. समाजसेविका माणूस देऊ शकत नाही, पण माणूस नसताना "होईल कसंतरी" म्हणून सोडून देत नाही.

निघण्याआधी बाईंनी आजींना पलंगावरून खुर्चीत बसवायला वहिनींनाच लावलं. बघणं वेगळं आणि करणं वेगळं! दारातल्या तीन पायऱ्यांसाठी एक सूत्र शिकवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि दोन्ही वेळा शेजारी माणूस हवाच.

आजी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. वहिनी म्हणाल्या, "माकडहाडापाशी लालसर दिसतंय." बाईंनी विचारलं, "बोटानं दाबून सोडल्यावर ती जागा फिकी पडते का?" पडत नव्हती. हीच बेडसोअरची सुरुवात. त्याच दिवशी परिचारिकेला दाखवलं, दर दोन तासांनी कूस बदलायला सुरुवात केली आणि जखम टळली.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर बाईंकडून हे लिहून घ्या:

- दार, उंबरा, पलंग, संडास यांची मापं, आणि त्यानुसार लागणारं साहित्य. ते आजी घरी येण्याआधी पोचलेलं असावं.
- औषधांची एकच यादी. जुनं काय बंद, तेही त्यात हवं.
- दिवसा कोण, रात्री कोण, आजारी पडलं तर बदली कोण.
- टाके काढायची तारीख (बहुधा बारा ते चौदा दिवसांनी), सहा आठवड्यांनी तपासणी, आणि तिथं न्यायची गाडी.
- ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज किंवा अचानक बरळणं दिसलं तर लगेच कोणाला फोन करायचा. अचानक धाप लागली तर थेट 108.

आणि एक. "तुम्हाला हे जमेल का?" असं बाईंनी विचारलं, तर भिडेपोटी "हो" म्हणू नका. जमणार नाही ते रुग्णालयातच सांगितलं, तर त्यावर काही तोड काढता येते.